मराठी पान वाचून घेतलेला कुर्ता परत का येतो?

प्रश्न: आमचा भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात महिलांचा गट आहे. कोसा रेशीम आणि सुताचं हातमागाचं कापड घेऊन कुर्ते शिवतो, ऑनलाइन विकतो. माहिती आधी इंग्रजीत लिहिली जाते, मग मी ती मराठीत करतो. इंग्रजी वाचून घेणाऱ्यांचा माल फारसा परत येत नाही. मराठी वाचून घेणाऱ्यांचा येतो: घट्ट झाला, हे रेशीमच नाही, धुतल्यावर आखूड झाला. भाषांतर शब्दाला शब्द तपासलंय, बरोबर आहे. मग चुकतंय कुठं?

उत्तर:

तुम्ही पाठवलेली दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. भाषांतर बरोबर आहे, पण मूळ इंग्रजी पानच अर्धवट आहे. त्यावर इतकंच आहे: टसर सिल्क कुर्ता, साइज एल, चेस्ट ४२, लेंग्थ ४४, ड्राय क्लीन ओन्ली. पुण्या-बंगळुरूची गिऱ्हाईक यातलं जे लिहिलेलं नाही ते स्वतःच्या सवयीनं भरून काढते. ती नेहमी एल घेते म्हणून एल मागवते, ४२ कशाचे हे बघतही नाही. ड्रायक्लीनचं दुकान तिच्या गल्लीत असतं. लाखनी किंवा पवनीकडच्या खेड्यातली गिऱ्हाईक तीच रिकामी जागा तिच्या सवयीनं भरते, आणि तिची सवय वेगळी आहे. ती माप म्हटलं की अंगाचं माप समजते, रेशीम म्हटलं की लग्नातलं चमकदार रेशीम तिच्या डोळ्यांसमोर येतं, आणि कपडा घरी धुते. शब्द तेच राहिले तरी दोघींनी दोन वेगळे कुर्ते मागवले.

म्हणून इंग्रजी पानावरून मराठी पान करणं थांबवा. आधी कुर्त्यावरून एक कागद तयार करा. त्या कागदावर माप, धागा आणि धुणं यांची मोजून-तपासून काढलेली माहिती असेल, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही पानं त्या कागदावरूनच लिहायची. खाली तुमचाच एल कुर्ता घेऊन तो कागद कसा भरायचा ते सांगते. हे काम भाषांतरकाराचं नाही असं तुम्हाला कोणी म्हणेल. पण गटात दुसरं कोणी ते करणार नसेल, तर तुम्हालाच टेप हातात घ्यावी लागेल.

सुरुवात मापापासून करू, कारण तुमचा बहुतेक माल मापामुळे परत येतोय.

कुर्ता टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हातानं काढा, पण ताणू नका. काखेच्या शिवणीखाली एक इंच अंतरावर, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत मोजा. तुमच्या एल कुर्त्यात ते २१ इंच येईल, दुप्पट केलं की ४२. म्हणजे ४२ हे कुर्त्याचं माप आहे, बाईचं नाही. तुमच्या शिलाईवाल्या ताईंना विचारलंत तर त्या सांगतील की ३८ छातीच्या अंगाला चार इंच लूझिंग, म्हणजे सैल जागा, धरून त्यांनी हा कुर्ता कापलाय. विणलेलं कापड ताणत नाही, त्यामुळे सरळ कटाच्या कुर्त्यात तीन-चार इंच लूझिंग लागतंच. नाहीतर हात वर केला की काखेत ओढतं.

आता मराठी पान वाचा: छाती ४२ इंच. शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवणारी बाई याचा अर्थ एकच लावते, की ज्यांची छाती ४२ आहे त्यांच्यासाठी हा कुर्ता. शिंपी माप अंगाचं घेतो, लूझिंग तो स्वतः सोडतो, तिला ते सांगतही नाही. त्यामुळे ४२ छातीची बाई तुमचा एल मागवते आणि तिला बरोबर अंगाएवढा, लूझिंग शून्य असलेला कुर्ता मिळतो. "मले होतच नाही जी" असं ती लिहिणारच. तिला खरं तर दोन मापं मोठा, डबल एक्सएल लागत होता.

यावर उपाय म्हणजे दोन्ही पानांवर दोन्ही आकडे द्यायचे आणि कोणता कशाचा ते नावानिशी लिहायचं. मराठीत ते असं लिहा: "तुमच्या अंगाची छाती ३८ इंच असेल तर एल घ्या. कुर्त्याची स्वतःची छाती शिवून ४२ इंच आहे." हेच दोन आकडे इंग्रजी पानावरही टाका. एम ३६ अंगाला, कुर्ता ४०. एक्सएल ४० अंगाला, कुर्ता ४४. डबल एक्सएल ४२ अंगाला, कुर्ता ४६. मधलं माप आलं, समजा ३९, तर मोठा घ्या हेही लिहा. अक्षरं मात्र एस, एम, एल हीच राहू द्या. "मध्यम", "मोठा" केलंत तर कुर्त्याच्या गळ्यातलं लेबल आणि पान जुळणार नाही, आणि गिऱ्हाईक फोन करून विचारेल की माझ्याकडे चुकीचा आला का.

मराठी पानावर आणखी एक ओळ असावी असं माझं ठाम मत आहे. खेड्यात फार बायकांना स्वतःची छाती इंचात पाठ नसते. शिंप्याकडेही त्या मापाचा ब्लाउज घेऊन जातात. म्हणून लिहा: "तुम्हाला नीट बसणारा तुमचा कुर्ता सपाट पसरा, काखेखाली एक इंचावर आडवा मोजा. २१ इंच आला तर आमचा एल तुम्हाला तसाच बसेल." यात अंग मोजायचं नाही, लूझिंगचा हिशोब नाही, कापडाशी कापड ताडायचं. ही ओळ इंग्रजीतही चालेल. पण मापाचा ब्लाउज हा कुर्त्याहून वेगळ्या कटाचा कपडा असतो, त्यावरून कुर्त्याचं माप ठरवू नये, हे मराठीत स्पष्ट लिहा. ब्लाउज अंगाला चिकटून असतो, त्यात लूझिंग नसतं.

लांबीची गोष्ट वेगळीच आहे. शिंप्यांच्या बोलीत कुर्त्याच्या लांबीला उंची म्हणतात आणि तुम्हीही "उंची ४४" लिहिलंय. त्याच पानावर खाली फोटोतल्या मुलीची उंची पाच फूट चार इंच दिलीय. एकाच शब्दानं दोन गोष्टी. यातून एखादी आपली स्वतःची उंची त्या जागी ताडून बघते आणि गोंधळते. कुर्त्याला "लांबी" आणि माणसाला "उंची" असं कायमचं वाटून टाका. लांबी कुठून कुठे तेही लिहा: गळ्यालगत खांद्याचा जो सगळ्यात वरचा बिंदू, तिथून सरळ खालच्या कडेपर्यंत. मागच्या गळ्याच्या मध्यापासून मोजलं तर तोच कुर्ता थोडा कमी भरतो, आणि ज्यांनी घरी तसं मोजलं त्यांना वाटतं की तुम्ही कापड वाचवलं.

आकडे लिहिताना दशांश टाळा. टेपवर इंचाचे आठ भाग असतात आणि आपल्याकडचे शिंपी-सुतार त्या भागाला सूत म्हणतात. "१४.५" वाचून कोणी साडेचौदा समजतो, कोणी चौदा इंच पाच सूत. मराठी पानावर अक्षरांत "साडेचौदा" लिहा, शेजारी आकडा द्या. सेंटीमीटर द्यायचे असतील तर कागदावरच्या इंचावरून एकदाच काढा, इंचाला २.५४ नं गुणून, आणि सगळ्यात जवळच्या अर्ध्या सेंटीमीटरवर आणा. ४२ इंच म्हणजे १०६.५ सेंटीमीटर. इंग्रजीतल्या सेंटीमीटरवरून पुन्हा मराठीत इंच काढायला गेलात की आकडे सरकत जातात. हाताचं काम आहे, अर्धा इंच इकडेतिकडे होणार, तेही दोन्हीकडे लिहून टाका.

आता आखूड झाल्याची तक्रार. ती मापाची वाटते, पण धुण्याची आहे, आणि इथेच दोन्ही पानं खोटी पडतात. लेंग्थ ४४ हा आकडा शिलाईच्या मशीनवरून उतरलेल्या, पाणी न लागलेल्या कुर्त्याचा आहे. इंग्रजी पानाची गिऱ्हाईक ड्रायक्लीनला देते म्हणून तिच्याकडे तो ४४ च राहतो. मराठी पानाची गिऱ्हाईक घरी धुते, आणि हातमागाचं सुती ताण्याचं, म्हणजे उभ्या सुती धाग्यांचं, कापड पहिल्या पाण्यात आटतं.

किती आटतं ते अंदाजानं लिहू नका, मोजा. त्याच थानातला एक तुकडा घ्या, त्यावर न पुसणाऱ्या पेननं ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, एक बाजू ताण्याच्या दिशेनं, दुसरी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या. तुमच्या गिऱ्हाइकांनी ज्या पद्धतीनं धुवावं असं तुम्हाला वाटतं, अगदी तसा तो धुवा आणि सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर, न ताणता, पुन्हा मोजा. समजा ताण्याच्या दिशेनं ४८ भरले आणि बाण्याच्या दिशेनं ४९. म्हणजे लांबीत चार टक्के, रुंदीत दोन टक्के. ४४ इंचाच्या कुर्त्यात चार टक्के म्हणजे पावणेदोन इंच. धुतल्यावर कुर्ता सव्वाबेचाळीस उरला. छातीचे ४२ होते ते सव्वाएक्केचाळीसच्या आत आले, म्हणजे चार इंचांच्या लूझिंगमधून पाऊण इंचाहून थोडं जास्त गेलं. "धुतल्यावर आखूडही झाला आणि काखेतही लागतोय" असं ज्यांनी लिहिलं, त्या अगदी खरं बोलत होत्या.

यातून दोन वाटा आहेत. कापड कापण्याआधीच पाण्यातून काढून वाळवून घ्यायचं, मग दोन्ही पानांवर ४४ खरा राहतो. नाहीतर दोन्ही पानांवर लिहायचं: नवा ४४ इंच, पहिल्या धुण्यानंतर सुमारे सव्वाबेचाळीस. मी पहिली वाट सांगेन. दुसरीत प्रामाणिकपणा आहे, पण दर नव्या थानाला चौकोन आखून बघावा लागेल, कारण विणताना बाणा ठोकून बसवण्याचा जोर दर विणकराचा वेगळा.

रेशीम नाही या तक्रारीत अर्धी चूक भाषेची आहे, अर्धी मालाची. आधी माल. तुमच्या कापडात ताणा सुताचा आणि बाणा कोशाचा. अशा कापडाला "टसर सिल्क" म्हणणं मला दोन्ही भाषांत मान्य नाही. टक्केवारी वजनावर धरतात, आणि ती तुम्ही प्रयोगशाळेशिवायही बऱ्यापैकी काढू शकता. विणकराला सूत देताना आणि उरलेलं परत घेताना वजन करा. समजा वीस मीटरच्या थानाला ताण्याचं सूत एक किलो ३०० ग्रॅम लागलं. कोशाचा धागा एक किलो दिला होता, शंभर ग्रॅम परत आला, म्हणजे ९०० ग्रॅम लागला. एकूण दोन किलो २००. सूत ५९ टक्के, कोसा ४१ टक्के. ताण्याचं वजन खळ लावण्याआधीच घ्या. खळीचं वजन धुण्यात निघून जातं, पण तुमच्या हिशोबात ते सूत म्हणून बसून राहतं.

म्हणजे नाव "सुती-कोसा कुर्ता" असं हवं, जास्त असलेला धागा आधी. आणि लगेच खाली: "ताणा सूत, बाणा कोसा. वजनात सूत सुमारे ६० टक्के, कोसा सुमारे ४०." इंग्रजीतही कॉटन आधी, टसर नंतर. विक्री कमी होईल म्हणून गटात कुरकुर होईल हे मला माहीत आहे. त्यांना एवढंच सांगा की ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० सालापासून लागू आहेत आणि त्यानुसार माल वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. येण्याजाण्याचा खर्चही गटाच्याच डोक्यावर येऊ शकतो.

आता भाषेचा भाग. नुसतं "रेशीम" लिहिलं की मराठी वाचकाला पैठणीचं, तुतीच्या किड्याचं रेशीम आठवतं: गुळगुळीत आणि झळाळणारं. कोसा तसा नाहीच. तो ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर जंगलात वाढलेल्या अळीच्या कोशातून येतो, रंग मुळात मधासारखा, चमक दबलेली, आणि धागा जागोजाग जाड-बारीक. भंडारा-गडचिरोलीतल्या माणसाला "कोसा" पुरे आहे, पण सांगली-सोलापूरकडच्या मराठी गिऱ्हाइकाला तो शब्द नवा असू शकतो, तिला "टसर" ओळखीचा. म्हणून पहिल्या उल्लेखात "कोसा, म्हणजे टसर रेशीम" असं लिहा, पुढे नुसतं कोसा. त्याखाली एक साधं वाक्य: "धाग्यातलं जाड-बारीकपण आणि लहान गाठी कोशाच्या असतात, विणीतला दोष नाही. पैठणीसारखी चमक या कापडाला नसते." इंग्रजी पानावर हे "स्लब" या एका शब्दात येतं आणि वाचणाऱ्यांना तो शब्द माहीत असतो. मराठीत सबंध वाक्य लागलं तर लागू द्या, दोन्ही पानांची लांबी सारखी असायलाच हवी असं काही नाही.

तुमच्या पुढच्या यादीत ओढणी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत "आर्ट सिल्क" लिहिलंय. हे कला-बिला काही नाही, आर्टिफिशियलचं तोडलेलं रूप आहे. एका विक्रेत्याच्या पानावर "कलात्मक रेशीम" असं छापलेलं मी पाहिलंय, आणि त्या भाषांतरानं स्वस्त ओढणी रेशमाच्या नावानं विकली गेली. मराठीत "कृत्रिम रेशीम" लिहा, आणि त्यानंही भागत नाही, कारण त्या नावाखाली रेयॉनही येतं आणि पॉलिस्टरही, आणि दोन्हीचं धुणं-इस्त्री वेगळी. पुरवठादाराला विचारा. तो नीट सांगत नसेल तर कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याचं ताट ठेवून. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. रेयॉन कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच, राख मऊ. खरं रेशीम, कोसा धरून, केस जळाल्यासारखा वास देतं आणि काळी राख बोटांत चुरते. मिश्र धाग्यात ही परीक्षा फसते, म्हणून ताणा आणि बाणा वेगळे काढून वेगळे जाळा. टक्केवारी मात्र यातून कळत नाही.

धुण्याच्या सूचनांत सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे सूचनेचा जोर. इंग्रजीत "ओन्ली" असेल तर मराठीत "ड्रायक्लीनच करा". तो "च" सुटला की सूचनेचा सल्ला होतो. तुमच्या पानावर "ड्रायक्लीन करावे" आहे, आणि ते वाचून ज्यांच्या जवळपास ड्रायक्लीनचं दुकान नाही त्यांनी घरी धुतलं. पण तुम्ही स्वतःहून "घरी धुतलं तरी चालेल" असं मऊही करू नका. आधी गटाला विचारा की ही "ओन्ली" कोणी ठरवली. बहुतेक वेळा ती दुसऱ्या कोणाच्या पानावरून उचललेली असते, विक्रेत्याची जबाबदारी टळावी म्हणून.

ठरवायचं कसं? तोच ५० सेंटीमीटरचा चौकोन पुन्हा कामी येतो. धुताना पाणी रंगलं का बघा. ओला असतानाच पांढऱ्या सुती फडक्यानं दहा वेळा घासा, फडक्यावर रंग उतरला का बघा. धुण्यापूर्वीचा एक तुकडा बाजूला ठेवून वाळल्यावर दोन्ही उन्हात शेजारी धरा. तुमचे फिके, मूळ कोशाच्या रंगाचे कुर्ते यात पास होतील असं वाटतं. मरून आणि गडद निळ्याची खात्री मी देणार नाही. रंग सुटला तर त्या रंगापुरतं ड्रायक्लीनच, आणि ते गडद रंगाच्या पानावर वेगळं लिहायचं. एकच सूचना सगळ्या रंगांना चिकटवायची सवय सोडा.

घरी धुता येतं असं ठरलं की पुढचे शब्द आपल्या भागाच्या पाण्याशी आणि साबणाशी ताडून लिहावे लागतात. लेबलवर टबच्या चिन्हात ३० लिहिलेलं असतं, म्हणजे पाणी जास्तीत जास्त ३० अंश सेल्सिअस. इंग्रजीत त्याला कोल्ड म्हणतात. मराठीत "थंड पाणी" बरोबर, "कोमट" चूक. पण आपल्याकडे मे महिन्यात दुपारी छतावरच्या टाकीचा नळ उघडा, हात भाजतो. नळाचं पाणी थंड या समजुतीवर लिहिलेली सूचना इथे तीन महिने खोटी असते. म्हणून लिहा: "हाताला गार लागेल असं पाणी घ्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणी सकाळी भरून सावलीत ठेवा."

"माइल्ड डिटर्जंट" चं "सौम्य साबण" केलंत की कोणी अंगाचा साबण घेतं, कोणी कपड्यांची वडी हलक्या हातानं लावते. वडी आणि साधी पावडर अल्कधर्मी असते, सोडा तर आणखी. कोसा हा केसांसारखाच प्रथिनांचा धागा आहे, अल्कलीनं तो निस्तेज आणि कमजोर होतो. स्पष्ट लिहा: "लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं द्रव साबण वापरा. वडी, सोडा आणि ब्लीच नको." ब्लीचमध्ये तर रेशमाचा धागा विरघळतो, त्यामुळे त्या एका शब्दाला "टाळावे" असं हलकं क्रियापद लावू नका.

मग इंग्रजीत नसलेल्या गोष्टी. इंग्रजी सूचना सहसा "टम्बल ड्राय करू नका" सांगतात, कारण तिथे वाचणाऱ्याकडे कपडे वाळवायचं यंत्र असू शकतं. मराठी वाचकाकडे दगड आणि ब्रश आहे, आणि त्याबद्दल पान गप्प. "धोपटू नका, ब्रश मारू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा." इंग्रजीत नाही ते मराठीत कसं घालू असा प्रश्न तुम्हाला पडेल. मराठीत घालू नका, कागदात घाला. तिथून ते दोन्ही पानांवर जाईल. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला धोपटू नका हे वाचून नुकसान नाही.

इस्त्रीचंही तसंच. चिन्हात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, तीन म्हणजे सगळ्यात जास्त. कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात, आणि बाजारातला इस्त्रीवाला बऱ्याचदा तीच वापरतो. शिवाय तो पाणी शिंपडतो, ज्याचे डाग कोशावर राहू शकतात. मराठी पानावर लिहा: "उलट बाजूनं, वर कोरडं सुती फडकं ठेवून, कमी गरम इस्त्री. पाणी शिंपडू नका. इस्त्रीवाल्याला देताना हे सांगा."

कागद भरून दोन्ही पानं लिहिली की एक परीक्षा घ्या. इंग्रजी न वाचलेल्या एका बाईला फक्त मराठी पान द्या, मराठी न येणाऱ्या कोणाला फक्त इंग्रजी. दोघींना तीन प्रश्न विचारा: तुम्ही कोणता साइज मागवाल आणि कसा ठरवला, हा कशाचा बनलाय, उद्या धुवायचा झाला तर काय काय कराल? "समजलं का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. साइजच्या प्रश्नाआधी दोघींचं माप टेपनं स्वतः घेऊन ठेवा, पण त्यांना सांगू नका. दोघींची छाती ३८ भरली आणि तरी त्यांनी दोन वेगळे साइज सांगितले, तर दोन पानांपैकी एका पानावर दोन आकड्यांची अदलाबदल झालेली आहे. धुण्याच्या उत्तरात एकीनं साबणाची वडी म्हटलं तर ती ओळ पुन्हा लिहा. अर्थ जुळला की नाही हे असंच कळतं. मराठीचं उलट इंग्रजी करून ताडून बघण्यात वेळ घालवू नका. छाती ४२ चं उलट भाषांतर चेस्ट ४२ च येणार आणि चूक तशीच राहणार.

एक अडचण उरते. विक्रीच्या साइटवर कापडाचा रकाना बहुतेक वेळा तयार यादीतून निवडावा लागतो, आणि तिथे "सुती-कोसा" नसतं. कॉटन सिल्क किंवा ब्लेंड असं काही असेल ते निवडा, "प्युअर सिल्क" कधीही नको, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत टक्केवारी द्या, कारण मोबाइलवर खालची ओळ कोणी उघडत नाही. साइजचा तक्ता साइटनं स्वतःचा जोडला असेल तर तो तुमच्या कुर्त्याचा नाही. तो काढता येत नसेल तर तुमचा तक्ता फोटो म्हणून दुसऱ्या क्रमांकावर लावा, मराठी आणि इंग्रजी एकाच फोटोत, म्हणजे आकडे एकदाच लिहावे लागतील आणि वेगळे होणार नाहीत.

कागदावर तारीख आणि थानाचा क्रमांक टाका. धाग्याचा नवा लॉट आला, विणकर बदलला किंवा शिलाईवाल्या ताईंनी लूझिंग कमी केलं, तर कागद नव्यानं भरायचा आणि दोन्ही पानं त्याच दिवशी बदलायची. आज घाईनं एक पान बदललं आणि दुसरं पुढच्या आठवड्यावर टाकलं, तर मधल्या दिवसांत आलेल्या ऑर्डरी कोणत्या पानावरून आल्या हे शोधत बसावं लागेल. आत्ता गटाकडे जो माल शिल्लक आहे त्याची मापं घेऊन, पहिल्या थानाचा चौकोन धुऊन बघा. मरूनचं फडकं रंगलं तर मला कळवा, त्या रंगाचं पान कसं लिहायचं ते मग बघू.